नत्राच्या पाच पातळ्या आणि ०.३४ टनांचा किमान सार्थ फरक

खतांच्या प्रयोगाचा अहवाल वाचताना बहुतेकांची नजर आधी सरासरी उत्पादनावर जाते, मग तक्त्याच्या तळाशी छापलेल्या सीडीच्या, म्हणजे किमान सार्थ फरकाच्या, आकड्यावर, आणि या दोहोंच्या वजाबाकीतून निष्कर्ष तयार होतो. या वजाबाकीत काय सुटते हे पाहण्यासाठी येथे एकच प्रयोग शेवटपर्यंत नेला आहे. त्यातील आकडे समजावण्यासाठी रचलेले आहेत, पण ते आपसात जुळणारे असल्यामुळे कागद-पेन्सिल घेऊन कोणीही प्रत्येक पायरी पडताळू शकेल.

प्रयोग एका तृणधान्याच्या पिकावर आहे. हेक्टरी ०, ४०, ८०, १२० आणि १६० किलो अशा नत्राच्या पाच पातळ्या आहेत. जमिनीचा उतार लक्षात घेऊन शेताचे चार गट पाडले आहेत, प्रत्येक गटात पाच प्लॉट आहेत आणि कोणत्या प्लॉटला कोणती पातळी मिळावी हे त्या-त्या गटात स्वतंत्रपणे चिठ्ठ्या टाकून ठरवले आहे. ही यादृच्छिक गट रचना होय, जिला रोजच्या बोलण्यात आरबीडी म्हणतात. एकूण प्लॉट २०. स्फुरद आणि पालाश सर्वांना सारखे दिले आहे, त्यामुळे फरक पडला तर तो नत्राचा, असे म्हणायला रचनेतच आधार आहे.

सरासरी धान्य उत्पादन, टन प्रति हेक्टर, असे आले:

| नत्र (किलो/हेक्टर) | उत्पादन (टन/हेक्टर) |
|---|---|
| ० | २.६० |
| ४० | ३.३० |
| ८० | ३.८४ |
| १२० | ४.१४ |
| १६० | ४.२२ |

सर्व प्लॉटांची सरासरी ३.६२ टन आहे. प्रचरण विश्लेषणाचा तक्ता, म्हणजेच ॲनोव्हा, पुढीलप्रमाणे:

| प्रचरणाचा स्रोत | मुक्तिमात्रा | वर्गांची बेरीज | मध्य वर्ग | एफ |
|---|---|---|---|---|
| गट | ३ | ०.९६४ | ०.३२१ | ६.४३ |
| नत्र | ४ | ७.२८६ | १.८२२ | ३६.४३ |
| त्रुटी | १२ | ०.६०० | ०.०५० | |
| एकूण | १९ | ८.८५० | | |

अहवालाच्या मसुद्यात यावरून तीन वाक्ये लिहिली होती. पहिले, नत्राचा परिणाम सार्थ आहे. दुसरे, किमान सार्थ फरक ०.३४ टन असून ८० आणि १२० किलोच्या पातळ्या बरोबरीच्या आहेत. तिसरे, म्हणून ८० किलोची शिफारस करावी. पहिले वाक्य बरोबर आहे, दुसरे अर्धवट आहे आणि तिसरे दुसऱ्यातून निघतच नाही.

तक्ता डावीकडून वाचावा

एफचा आकडा उजव्या टोकाला असतो आणि लक्ष तिकडेच वेधले जाते. तरीही वाचन मुक्तिमात्रांच्या, म्हणजे स्वतंत्र तुलनांच्या संख्येच्या, स्तंभापासून सुरू करावे असे माझे मत आहे. हा एकमेव स्तंभ असा आहे की जो मोजमापे न पाहता, केवळ रचनेवरून, आधीच सांगता येतो. चार गट म्हणून ३, पाच पातळ्या म्हणून ४, वीस प्लॉट म्हणून एकूण १९, आणि त्रुटीसाठी उरतात १२. तक्त्यात याहून वेगळे आकडे दिसले, तर पुढचे काहीही वाचण्यात अर्थ नाही.

यात दोन चुका वरचेवर दिसतात. संगणकाला नत्राची पातळी हा गणिती आकडा म्हणून दिली, तर तो पाच स्वतंत्र प्रक्रिया न धरता एक सरळ रेषा बसवतो. मग नत्रासमोर ४ ऐवजी १ मुक्तिमात्रा येते, त्रुटीची १५ होते, आणि रेषेपासून ढळलेला खरा परिणामही त्रुटीत जाऊन बसतो. आपल्या उदाहरणात त्यामुळे त्रुटीचा मध्य वर्ग ०.०५० वरून ०.०८२ वर जातो. आर ही संख्याशास्त्रीय संगणक-भाषा वापरणाऱ्यांनी गट आणि पातळी दोन्ही `factor` म्हणून द्यावेत:

```r
m <- aov(yield ~ factor(block) + factor(N), data = d)
summary(m)
```

दुसरी चूक अधिक गंभीर आहे. समजा, प्रत्येक प्लॉटातून तीन ठिकाणचे नमुने कापले आणि त्या ६० नोंदींना ६० प्लॉट समजून विश्लेषण केले. एकूण मुक्तिमात्रा ५९ होतात आणि त्रुटीच्या ५२. खत मात्र प्लॉटाला दिले होते, नमुन्याला नव्हे. एकाच प्लॉटातले नमुने एकमेकांसारखे असतात, म्हणून त्यांच्यातला फरक हा प्लॉटाप्लॉटांमधल्या फरकाची जागा घेऊ शकत नाही. असे केल्यास किमान सार्थ फरक खोटा लहान येतो आणि बहुतेक सगळेच सार्थ दिसू लागते. प्लॉट २० आणि त्रुटीच्या मुक्तिमात्रा ५२, ही विसंगती वाचकाला अहवालात नुसत्या नजरेने पकडता येते.

आपल्या तक्त्यात मुक्तिमात्रा रचनेशी जुळतात, तेव्हा पुढे जाऊ.

त्रुटीची ओळ

माझ्या दृष्टीने या तक्त्यातला सर्वांत महत्त्वाचा आकडा ०.०५० हा आहे. एफचे दोन्ही आकडे त्याने भागून आले आहेत आणि किमान सार्थ फरकही त्यातूनच निघणार आहे. त्याला त्रुटी म्हटले तरी ती कोणाची चूक नसते. गटांमधला फरक आणि पातळ्यांमधला सरासरी फरक वजा केल्यावर जे उरते ते हे: जमिनीतली बारीक विषमता, रोपांच्या संख्येतली तफावत, कापणी आणि वजनातली खाली-वर. नत्राचा परिणाम एका गटात जास्त आणि दुसऱ्यात कमी असेल, तर तो चढउतारही येथेच जमा होतो.

०.०५० चे वर्गमूळ ०.२२४ टन आहे. त्याला ३.६२ ने भागले की विचरण गुणांक ६.२ टक्के येतो. शेतावरच्या उत्पादनाच्या प्रयोगासाठी हे नीटनेटके काम आहे. हाच गुणांक २५ किंवा ३० टक्के असता, तर कोणते फरक सार्थ ठरले याआधी प्रयोग कसा झाला हे विचारावे लागले असते. गुणांक अतिशय कमी, एक टक्क्याच्या आसपास, आला तरीही थोडे थबकावे. शेत इतके एकसारखे क्वचितच असते.

गटांची ओळ अनेकजण वाचतच नाहीत, कारण गटांमध्ये फरक आहे की नाही हा प्रयोगाचा प्रश्न नसतो. पण गट पाडल्याने काय मिळाले हे ती ओळ सांगते. गट पाडलेच नसते असे समजू. मग ०.९६४ ही बेरीज त्रुटीत मिसळली असती आणि त्रुटीचा मध्य वर्ग १५ मुक्तिमात्रांवर १.५६४ ÷ १५, म्हणजे ०.१०४ झाला असता. त्रुटी दुपटीहून अधिक. किमान सार्थ फरक ०.३४ ऐवजी ०.४९ टन आला असता. उताराला आडवे गट पाडण्याची ही कमाई तक्त्यात आयती लिहिलेली असते.

एफ काय सांगतो

नत्राचा एफ ३६.४३ आहे. ४ आणि १२ मुक्तिमात्रांसाठी पाच टक्के सार्थता पातळीचे कोष्टकातले मूल्य ३.२६ आणि एक टक्का पातळीचे ५.४१ आहे, तेव्हा शंकेला जागा नाही. पण या चाचणीचे उत्तर मर्यादित आहे: पाचही पातळ्यांचे खरे उत्पादन एकच आहे, ही कल्पना टिकत नाही. कोणती पातळी कोणत्यापेक्षा वेगळी आहे, किती वेगळी आहे आणि तो फरक खर्च करण्याजोगा आहे का, यांपैकी काहीच एफ सांगत नाही. तो मोठा आहे म्हणून प्रत्येक पायरीवर उत्पादन वाढले, असे वाक्य लिहिता येत नाही. येथे वर्गांच्या बेरजेचा मोठा वाटा शून्य पातळीच्या एकट्या २.६० टनांमुळे आहे. नत्र दिल्याने उत्पादन वाढते हे सिद्ध करायला प्रयोगाची गरज नव्हती. खरा प्रश्न ८० च्या पुढे काय होते हा आहे.

किमान सार्थ फरकाचा हिशेब

दोन पातळ्यांच्या सरासरींमधला फरक किती असला म्हणजे तो निव्वळ त्रुटीचा खेळ मानायचा नाही, याची सीमा या सूत्राने ठरते:

```
LSD = t × √(2 × MSE ÷ r)
```

यात MSE म्हणजे त्रुटीचा मध्य वर्ग ०.०५०, r म्हणजे प्रत्येक पातळीच्या पुनरावृत्ती ४, आणि t म्हणजे त्रुटीच्या १२ मुक्तिमात्रांसाठी पाच टक्के पातळीचे दोन्ही बाजूंचे मूल्य २.१७९. वर्गमुळातली रक्कम ०.०२५, तिचे मूळ ०.१५८, आणि गुणाकार ०.३४४ टन. हीच आपली ०.३४ ची सीमा.

सूत्रातला २ हा दोन सरासरी एकमेकींतून वजा होतात म्हणून येतो; दोन्हींची अनिश्चितता फरकात उतरते. तो विसरणे ही छापील अहवालांत सापडणारी चूक आहे आणि ती ओळखण्याचा सोपा मार्ग आहे. तक्त्याखाली सहसा सरासरीची प्रमाणित त्रुटी आणि सीडी असे दोन आकडे असतात. येथे पहिली ०.११२ आहे. सीडीला तिने भागले की २.१७९ × १.४१४, म्हणजे ३.०८ यायला हवे. भागाकार २.१८ आला, तर २ गळाला आहे. आपल्या उदाहरणात तसे झाले असते तर सीमा ०.२४ टन ठरली असती आणि ८० व १२० किलोमधला ०.३० टनांचा फरक सार्थ म्हणून जाहीर झाला असता. अहवालाचा निष्कर्षच उलटला असता.

आता सीमा लावू. ० ते ४० हा फरक ०.७० टन आणि ४० ते ८० हा ०.५४ टन, दोन्ही सार्थ. ८० ते १२० हा ०.३० आणि १२० ते १६० हा ०.०८, दोन्ही सीमेच्या आत. पण ८० आणि १६० यांच्यातला फरक ०.३८ टन आहे, म्हणजे सीमेबाहेर. म्हणून ८० हे १२० च्या बरोबरीचे, १२० हे १६० च्या बरोबरीचे, पण ८० हे १६० च्या बरोबरीचे नाही. सरासरीपुढे अक्षरे छापण्याची पद्धत असेल तर १६० ला a, १२० ला ab आणि ८० ला b मिळेल.

नवख्या वाचकाला हे तर्कदुष्ट वाटते. दोष तर्काचा नाही, 'बरोबरीचे' या शब्दाला आपण जो अर्थ चिकटवतो त्याचा आहे. दोन उत्पादने समान आहेत असे येथे कोणी दाखवलेले नसते; एवढ्या प्लॉटांवर, एवढ्या त्रुटीत, ती वेगळी काढता आली नाहीत, इतकेच म्हटलेले असते. नीट डोळे नसलेल्या माणसाला शेजारशेजारचे दोन रंग सारखे दिसावेत, तसे हे आहे.

सीमा वेगळ्या रीतीने वाचली तर हे अधिक स्पष्ट होते. किमान सार्थ फरक हा फरकाच्या ९५ टक्के विश्वास अंतराची अर्धी रुंदी असतो. ८० वरून १२० वर जाताना मिळालेली वाढ ०.३० टन, अधिक-उणे ०.३४, म्हणजे खरी वाढ उणे ०.०४ पासून ०.६४ टनांपर्यंत कोठेही असू शकते. या अंतरात शून्य आहे, म्हणून फरक सार्थ नाही. पण त्याच अंतरात अर्धा टनही आहे, आणि शून्यापेक्षा ०.३० ला या प्रयोगाचा कौल कितीतरी अधिक आहे. १२० वरून १६० ची वाढ ०.०८ टन, अंतर उणे ०.२६ ते ०.४२. दोन्हींपुढे तक्त्यात 'सार्थ नाही' असेच लिहिले जाईल, पण दोन्हींचा अर्थ एक नाही.

रोनाल्ड फिशर यांनी ही कसोटी मांडताना घातलेली अट येथे सांगितली पाहिजे: आधी एफ सार्थ असावा, मगच जोड्या तपासाव्यात. पाच पातळ्यांच्या दहा जोड्या होतात आणि प्रत्येक जोडीत पाच टक्के चुकीची मुभा असते, त्यामुळे एखादी जोडी निव्वळ योगायोगाने सीमेबाहेर जाण्याची शक्यता पाच टक्क्यांहून बरीच वाढते. एफची अट तिला काहीसा आवर घालते, पुरता नाही. वीस-पंचवीस वाणांच्या प्रयोगात हा प्रश्न खरोखर मोठा होतो आणि तेथे ट्युकी यांच्यासारखी कडक कसोटी घ्यावी. नत्राच्या पाच पातळ्यांसाठी मात्र कसोटी कडक करणे हा उपाय नव्हे, कारण येथे जोड्या तपासणे हाच मुळात चुकीचा प्रश्न आहे.

पातळ्यांना क्रम आहे

वाणांना क्रम नसतो; नत्राच्या पातळ्यांना असतो, आणि येथे त्यांच्यातले अंतरही समान आहे. जोड्यांची तुलना ही माहिती फेकून देते. १२० चे उत्पादन ८० आणि १६० च्या मध्ये, एका वळणाऱ्या रेषेवर बसते, हे तिला दिसत नाही. म्हणून नत्राच्या ओळीतली ७.२८६ ही बेरीज चार मुक्तिमात्रांत फोडावी. समान अंतरावरच्या पाच पातळ्यांसाठी रेषीय गुणक −२, −१, ०, १, २ आणि वर्गीय गुणक २, −१, −२, −१, २ असे असतात. सरासरींना गुणकांनी गुणून बेरीज करावी, तिचा वर्ग करून पुनरावृत्तींच्या ४ ने गुणावे आणि गुणकांच्या वर्गांच्या बेरजेने भागावे.

रेषीय भागासाठी बेरीज ४.०८ येते आणि तिच्यातून वर्गांची बेरीज ६.६५९. वर्गीय भागासाठी बेरीज उणे १.४८ आणि वर्गांची बेरीज ०.६२६. उरलेल्या दोन मुक्तिमात्रांसाठी मिळून केवळ ०.००२ राहतात. प्रत्येक भागाला ०.०५० ने भागले की रेषीय एफ १३३ आणि वर्गीय एफ १२.५ येतो. १ आणि १२ मुक्तिमात्रांसाठी एक टक्का पातळीचे मूल्य ९.३३ आहे, म्हणून दोन्ही सार्थ आहेत. ज्या तक्त्यातून जोड्यांच्या तुलनेने ८० आणि १२० मध्ये काही ठोस फरक दिसत नाही असे म्हटले होते, त्याच तक्त्यातून आता असे दिसते की उत्पादन नत्राबरोबर वाढते, वाढीचा वेग उतरत जातो आणि हा उतार नुसत्या त्रुटीने समजावता येत नाही. वर्गीय बेरजेचे उणे चिन्ह हेच सांगते.

हेक्टरी उत्पादन Y आणि हेक्टरी नत्र N, दोन्ही किलोमध्ये लिहिले, तर समीकरण असे बसते:

```
Y = 2593 + 20.77 N − 0.0661 N²
```

यावरून दर वाढीव किलो नत्रामागे मिळणारे धान्य काढता येते. ८० किलोवर ते सुमारे १०.२ किलो आहे, १२० वर ४.९ किलो, आणि वक्राचा माथा १५७ किलोपाशी आहे. शिफारस करताना माथ्यापर्यंत जायचे नसते. शेवटच्या किलो नत्राचे धान्य त्या नत्राच्या खर्चाएवढे होते तेथे थांबायचे असते. एक किलो नत्राचा खर्च पाच किलो धान्याच्या किमतीएवढा असेल, तर ती जागा ११९ किलोवर येते. खर्च आठ किलो धान्याएवढा असेल, तर ९७ किलोवर. हे गुणोत्तर बदलले की शिफारस बदलते, आणि ते ठरवणे पाच टक्के पातळीच्या हाती नाही.

मसुद्यातल्या तिसऱ्या वाक्याची किंमतही यातूनच कळते. ८० ऐवजी १२० किलो दिल्यास ४० किलो जास्त नत्र लागते आणि ०.३० टन, म्हणजे ३०० किलो, जास्त धान्य मिळण्याचा अंदाज आहे. पाचच्या गुणोत्तराने खर्च २०० किलो धान्याएवढा. ८० ची शिफारस म्हणजे हेक्टरी १०० किलो धान्याएवढ्या मिळकतीवर पाणी सोडणे, आणि तेही केवळ ०.३० हा आकडा ०.३४ पेक्षा लहान आहे म्हणून. गुणोत्तर आठचे असते तर हीच पायरी हेक्टरी २० किलो धान्याएवढ्या तोट्याची ठरली असती आणि ८० किलोकडे झुकणे योग्य झाले असते, पण त्याचे कारण खर्च असते, बरोबरी नव्हे.

काय लिहावे आणि काय लिहू नये

निकालाचा परिच्छेद असा लिहिता येईल: नत्राच्या वाढत्या पातळीबरोबर उत्पादन वाढले, वाढीचा वेग मात्र कमी होत गेला, रेषीय आणि वर्गीय दोन्ही भाग एक टक्का पातळीवर सार्थ असून वक्रापासूनचे विचलन नगण्य आहे, ८० वरून १२० किलोवर जाताना वाढ ०.३० टन, ९५ टक्के विश्वास अंतर उणे ०.०४ ते ०.६४. वक्राचे समीकरण आणि त्रुटीचा मध्य वर्ग दोन्ही छापावेत, म्हणजे पुढच्या माणसाला स्वतःचे खर्चाचे गुणोत्तर घालून हिशेब करता येईल. अक्षरे छापायची गरज नाही.

माथ्याचा १५७ हा आकडा मात्र ठळक अक्षरांत लिहू नये. तो तपासलेल्या पल्ल्याच्या टोकाला आहे, तेथे वक्र जवळजवळ सपाट आहे आणि १६० किलोच्या पलीकडे एकही पातळी नाही. शिवाय हे सर्व एका शेताचे आणि एका हंगामाचे आहे. त्रुटीच्या १२ मुक्तिमात्रांत पावसाच्या वर्षाचा फरक कोठेच नाही, म्हणून प्रमाणित त्रुटी कितीही लहान असली तरी ती दुसऱ्या हंगामाबद्दल काही सांगत नाही.

पुढचा प्रयोग आखताना मोह पुनरावृत्ती वाढवण्याचा होतो. तेवढ्याने काय मिळेल याचा हिशेब याच तक्त्यातून निघतो. खरा फरक ०.३० टनच असेल, तर चार पुनरावृत्तींत तो सार्थ दिसण्याची शक्यता निम्म्याहून कमी होती. ती ८० टक्क्यांवर न्यायची तर त्रुटी एवढीच धरून सुमारे ९ ते १० पुनरावृत्ती, म्हणजे जवळपास ५० प्लॉट लागतील. त्याऐवजी ४० किलोच्या अंतराने २०० आणि २४० या दोन पातळ्या जोडून चारच पुनरावृत्ती ठेवल्या, तर २८ प्लॉटांत वक्राचा माथा दोन्ही बाजूंनी घेरला जातो आणि समान अंतराचे गुणक वापरण्याची सोयही टिकते.